मधल्या सात वर्षांची गोष्ट

(रत्नागिरीत तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी समाजशास्त्र शिकलेलो नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते शिक्षक म्हणून नाही. चार वर्षांपूर्वी मी सुट्टीत घरी आलो आणि आपल्या भागातल्या, गल्फला गेलेल्या पिढीच्या बायकांशी बोलायला सुरुवात केली. त्यात मी बऱ्याच चुका केल्या. आजवर बारा जणींच्या मुलाखती झाल्या. त्यांतल्या एकीबद्दलच आज बोलणार आहे. तिला आपण फक्त खाला म्हणू. गाव सांगणार नाही. किती सांगायचं हे त्यांनी स्वतः ठरवून दिलं आहे आणि त्याच्या पलीकडे मी जाणार नाही.

आधी माझा प्रश्न काय होता ते सांगतो. 1970 नंतर आपल्या जिल्ह्यातले पुरुष मोठ्या संख्येने कुवेत, दुबई, सौदीला गेले. ही गोष्ट आपल्याला कशी माहीत आहे? घरांवरून. रस्त्याने जाताना चिऱ्याचं मोठं घर दिसलं की आपण म्हणतो, 'हे गल्फचं घर.' म्हणजे बदल झाला हे आपल्याला दिसतं. पण तो बदल होत असताना घरात राहणाऱ्या माणसाला रोज काय वाटत होतं, काय करावं लागत होतं, हे घराकडे बघून कळत नाही. ते सांगणारं सरकारी कागदपत्रही नाही. पासपोर्टवर नवऱ्याचा शिक्का असतो, बायकोचा नसतो.

अशा वेळी अभ्यासक ज्या पद्धतीकडे वळतात तिला जीवनकथा पद्धत म्हणतात. माणसाला त्याच्या अख्ख्या आयुष्याची गोष्ट सांगायला लावायची, ती रेकॉर्ड करायची, आणि त्या एका आयुष्यातून काळ कसा गेला ते वाचायचं. आपल्या मराठीत याचा फार चांगला नमुना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या ऊर्मिला पवार आणि त्यांच्या सहलेखिका मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलल्या, आणि 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. 1927 ची महाडची परिषद किंवा 1942 ची नागपूरची दलित महिला परिषद कागदोपत्री होतीच. पण त्या परिषदेला गेलेली बाई घरून कशी निघाली, परत आल्यावर तिच्या घरात काय बदललं, हे तिने तोंडाने सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं. पुढे 2003 मध्ये ऊर्मिला पवारांनी 'आयदान' हे स्वतःचं आत्मकथन लिहिलं. मला नेहमी वाटतं की इतक्या बायकांच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाने मग आपली गोष्ट लिहिली, हा क्रम महत्त्वाचा आहे.

आता माझी पहिली चूक.

मी इंजिनिअर. कामाच्या ठिकाणी ग्राहकाला काय हवंय ते समजून घ्यायला आम्ही प्रश्नांची यादी करतो. तशीच मी केली. बेचाळीस प्रश्न होते. पती कधी गेले? कोणत्या देशात? दरमहा किती पैसे पाठवायचे? पैसे कोणाच्या हातात यायचे? गेल्यानंतर निर्णय कोण घ्यायचं? खालांसमोर बसलो आणि एकेक विचारत गेलो. उत्तरं आली ती अशी: 'मला नीटसं आठवत नाही.' 'पाठवायचे.' 'सासरे होते ना.' 'हो.' 'नाही.' पन्नास मिनिटांत यादी संपली. खालांनी चहा दिला. घरी येऊन ऐकलं तर त्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त माझाच आवाज होता.

चूक कुठे झाली? गल्फ म्हणजे पैसा आणि निर्णय, हे मी आधीच ठरवून गेलो होतो. माझ्या यादीत जे नव्हतं ते खाला सांगूच शकत नव्हत्या. शिवाय प्रश्न-उत्तराच्या खेळात माणूस प्रश्नाएवढंच उत्तर देतो. शाळेत आपण तेच शिकलेलो असतो.

नंतर मी वाचायला लागलो. 1970 च्या दशकात फ्रिट्झ शुट्झे नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने मुलाखतीची एक रीत बसवली. तिचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात एकच मोकळा प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. सांगणारा स्वतःहून 'झालं, एवढंच' म्हणेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्या टप्प्यात त्याने जे सांगितलं त्यातलेच धागे, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच क्रमाने उचलून 'तुम्ही अमुक म्हणालात, ते अजून सांगा' असं विचारायचं. 'का' हा प्रश्न इथेही विचारायचा नाही. 'का' विचारलं की माणूस गोष्ट सोडून सफाई द्यायला लागतो. तिसऱ्या टप्प्यात, अगदी शेवटी, आपले स्वतःचे प्रश्न आणि 'का'.

हे इतकं काटेकोर कशाला? शुट्झेचं म्हणणं असं की एकदा गोष्ट सांगायला सुरुवात केली की ती गोष्टच सांगणाऱ्याला ओढत नेते. सुरू केलेलं पूर्ण करावं लागतं. वेळ कमी म्हणून काही आटपावं लागतं. आणि समोरच्याला कळावं म्हणून तपशील द्यावा लागतो. या ओढाताणीत सांगायचं ठरवलेलं नव्हतं असंही बाहेर येतं, आणि काय आटपलं गेलं तेही ऐकू येतं. फॉर्म भरताना यातलं काही होत नाही.

मी पुन्हा गेलो. या वेळी यादी नाही. जाताना एक गोष्ट सांभाळली: दुपारची वेळ निवडली, जेव्हा खालांचा मुलगा दुकानावर असतो आणि सून स्वयंपाकघरात नसते. कोण ऐकतंय यावर गोष्ट बदलते. मुलासमोर आई बापाबद्दल वेगळं बोलते. म्हणालो, 'खाला, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा. जिथून वाटेल तिथून. मी मध्ये बोलणार नाही.'

खाला थोडा वेळ गप्प होत्या. ती शांतता मला फार जड गेली. तोंडातून काहीतरी निघणार होतं, पण दाबलं. मग त्या लहानपणापासून बोलायला लागल्या. अब्बांचा मचवा, कोयनेचा भूकंप, लग्न. मग म्हणाल्या, आणि हे मी तुमच्यासाठी प्रमाण मराठीत सांगतोय, 'ते कुवेतला गेले. आणि मग आमचं घर झालं. अल्लाचे उपकार.' पुढे मुलांची लग्नं, नातवंडं, हजची यात्रा. चाळीस मिनिटांनी म्हणाल्या, 'झालं. आणखी काय?'

ऐकायला सुरेख. आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट. आणि इथेच मला पद्धतीचा दुसरा भाग उपयोगी पडला.

जीवनकथा तपासताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. एक, जगलेलं आयुष्य: काय, कधी घडलं. दुसरी, सांगितलेलं आयुष्य: आज बसून ते कसं मांडलं. दोन्ही आधी स्वतंत्रपणे लिहून काढायची आणि मग शेजारी ठेवायची. जगलेल्या आयुष्याच्या तारखा माणसाला विचारून मिळत नाहीत, कारण आपल्याकडे कोणी सालं लक्षात ठेवत नाही. म्हणून टेकू वापरायचे, म्हणजे सगळ्यांना आठवणाऱ्या आणि पक्की तारीख असलेल्या घटना. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. आणीबाणी जून 1975 मध्ये लागली. इंदिरा गांधींची हत्या 31 ऑक्टोबर 1984 ला झाली. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 26 जानेवारी 1998 ला. 'तेव्हा हा मुलगा चालत होता का? शाळेत होता का?' असं विचारत जायचं आणि कागदावर एक रेघ आखत जायची.

खालांच्या नवऱ्याचा जुना पासपोर्ट ट्रंकेत होता. पहिला शिक्का डिसेंबर 1976 चा. घराचं काय? खाला म्हणाल्या, 'ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी.' पण त्यांचा मुलगा सहज म्हणाला होता की कपिल देवच्या टीमने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्याने जुन्या घरात, शेजारच्या रेडिओवर रात्री उशिरापर्यंत कॉमेंट्री ऐकली, आणि पावसाचं पाणी कौलांतून गळत होतं. तो सामना 25 जून 1983 चा. नव्या घराची घरपट्टीची पहिली पावती 1984 ची निघाली. म्हणजे 1983 चा पाऊस संपल्यावर कधीतरी ते नव्या घरात गेले. नवरा गेला आणि घर झालं, यांच्या मध्ये एक वर्ष नाही, सात वर्षं होती.

माझी पहिली प्रतिक्रिया इंजिनिअरची होती: डेटा चुकला, दुरुस्त करा. 'पुढच्या वर्षी' खोडून '1983' लिहा आणि पुढे चला. तसं केलं असतं तर सगळंच हातचं गेलं असतं.

इटलीतला एक प्रसंग सांगतो. तेर्नी नावाच्या पोलादाच्या कारखान्याच्या गावात 17 मार्च 1949 रोजी लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या कारवाईत मारला गेला. इटलीने नाटो करारात जाऊ नये म्हणून कामगार बाहेर पडले होते. पंचवीस-तीस वर्षांनी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली तिथे आठवणी गोळा करायला गेले. तर कितीतरी जण शपथेवर सांगायचे की तो 1953 मध्ये मारला गेला, जेव्हा कारखान्यातून दोन हजारांवर कामगार काढले आणि रस्त्यावर लढाई झाली. पोर्तेल्लींनी या आठवणी 'चूक' म्हणून टाकल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ही चूक सगळे एकसारखीच का करतात? त्यांच्या लक्षात आलं की गावाला सगळ्यात खोल जखम कामावरून काढण्याची होती. आपला माणूस एका किरकोळ निषेधात गेला, आणि आपण तेव्हा काही करू शकलो नाही, हे गावाला सोसवत नव्हतं. म्हणून आठवणीने त्याचा मृत्यू त्या मोठ्या लढाईत नेऊन ठेवला. तारीख खरी कुठली ते कागदावरून ठरतं. पण तारीख कुठे सरकली, यावरून लोकांनी काय सोसलं ते कळतं. मात्र त्यासाठी आधी खरी तारीख माहीत हवी. म्हणून कागद आणि कथा, दोन्ही लागतात.

तर मी खोडलं नाही. दुसऱ्या टप्प्याचा प्रश्न घेऊन गेलो. 'खाला, तुम्ही म्हणालात, ते कुवेतला गेले आणि मग घर झालं. ते गेले त्या दिवसापासून सांगाल का?'

खाला म्हणाल्या, 'मधलं काय सांगायचं?'

मी गप्प. आणि मग दीड तास त्या 'मधलं' सांगत होत्या.

नवरा रातराणीने मुंबईला गेला. एजंटाला द्यायला पैसे कर्जाने घेतले होते आणि खालांच्या बांगड्या गहाण होत्या. जे काम सांगितलं होतं ते तिथे मिळालं नाही. सुरुवातीची जवळजवळ दोन वर्षं पैसे आलेच नाहीत. गावात सगळ्यांना वाटे, हिचा नवरा गल्फला, हिला काय कमी. त्यामुळे उधार मागायचीही चोरी. भाताची मळणी संपली की त्या दुसऱ्यांच्या आंब्याच्या पेट्या भरायला जायच्या, पण लांबच्या बागेत, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून. मग ड्राफ्ट यायला लागला. तो सासऱ्यांच्या खात्यात भरला जाई. सासरे गेल्यावर खातं खालांच्या नावावर करायची वेळ आली. त्यांना कुराण वाचता येत होतं, मराठी लिहिता येत नव्हतं. चौथीतल्या मुलीने पाटीवर सही गिरवून घेतली. पहिल्यांदा एकट्या एसटीने रत्नागिरीला आल्या, बँकेत सही केली, ती नमुन्याशी जुळली नाही, परत गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. नवऱ्याचं पत्र कोणाकडून वाचून घ्यायचं हा प्रश्न होता, म्हणून त्याने आवाजाची कॅसेट पाठवायला सुरुवात केली. उत्तराची कॅसेट त्या रात्री मुलं झोपल्यावर भरायच्या. कॅसेटमध्ये काय सांगायचात, असं विचारलं तर म्हणाल्या, 'सगळं ठीक आहे म्हणून सांगायची.'

घरी येऊन मी दोन्ही रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवली. एका तासाला मला सहा-सात तास लागले. हे काम दुसऱ्याला देऊ नका असं मी सांगेन, कारण खरं ऐकणं तिथेच होतं. आणि बोली सुधारू नका. माझ्या एका भावाने मदत म्हणून काही पानं उतरवली आणि चांगल्या मनाने सगळं शुद्ध मराठी करून टाकलं. त्यात खालांच्या थांबण्याच्या जागा, अर्धवट सोडलेली वाक्यं, 'असो' म्हणून वळलेले प्रसंग, सगळं गेलं. मला ते पुन्हा करावं लागलं. उतरवताना एक गोष्ट कानाला जाणवली. पहिल्या चाळीस मिनिटांत लग्नानंतरच्या जवळपास प्रत्येक वाक्याचा कर्ता 'ते' किंवा 'आम्ही' होता. ते गेले, त्यांनी पाठवले, आमचं घर झालं. 'मधल्या' दीड तासात कर्ता होता 'मी'. मी गेले, मी सही केली, मी सांगितलं ठीक आहे. ज्या सात वर्षांत त्या सगळ्यात जास्त 'मी' होत्या, तीच वर्षं त्यांनी गोष्टीतून गाळली होती.

का गाळली? आता तिसरा टप्पा, आता 'का' विचारता येत होतं. विचारलं. म्हणाल्या, 'दोन वर्षं पैसे आले नाहीत हे सांगितलं तर त्यांचं वाईट दिसतं. ते तिकडे काय मजा मारत होते काय?' म्हणजे विसरल्या नव्हत्या. नवऱ्याची अब्रू राखत होत्या. आणि ते करताना त्यांची स्वतःची सात वर्षं त्याखाली दबली. आपल्या गावांत गल्फची एकच गोष्ट सांगायची रीत आहे: गेले, कमावलं, घर झालं. त्या साच्यात बाई कुठे बसत नाही.

एका खालांवरून एवढं म्हणता येतं का? हा रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की एका गोष्टीवरून शंका घेता येते, नियम सांगता येत नाही. फ्रान्समध्ये दानिएल बेर्तो आणि इझाबेल बेर्तो-व्याम यांनी 1970 च्या दशकात पाव भाजणाऱ्या बेकरांच्या जीवनकथा गोळा केल्या. सुरुवातीला प्रत्येक कथा नवीन वाटे. तीसेक कथांपर्यंत येता येता तेच चित्र पुन्हा पुन्हा यायला लागलं: कामगाराला स्वतःची बेकरी काढायची तर लग्न करावं लागतं, कारण तो रात्रभर भट्टीवर असतो आणि दिवसा दुकान बायको चालवते. ती नसेल तर बेकरी नाही. नवीन कथेतून नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. पण तोपर्यंत मुद्दाम उलटं उदाहरण शोधत राहायचं, नाहीतर आपल्याला हवं तेच सापडतं.

माझ्या बारा कथा म्हणजे अजून ती जागा आलेली नाही. नऊ जणींच्या कथेत 'मधलं' आधी गाळलेलं होतं. पण तिघींनी पहिल्याच दमात सगळं सांगितलं, आणि त्या तिघीही विधवा आहेत. कदाचित नवऱ्याची अब्रू राखायचं काम संपल्यावर 'मी' म्हणता येत असेल. किंवा योगायोग असेल. हे तपासायला मला अजून माणसं हवीत. आणि ज्या गाव सोडून गेल्या, ज्यांचा संसार मोडला, त्या माझ्या यादीत नाहीतच, कारण मी ओळखीओळखीतून गेलो. ओळखीने सुखी घरंच दाखवली जातात. जिल्ह्यात अशा बायका किती, हे तर ही पद्धत कधीच सांगू शकणार नाही. त्यासाठी मोजणी लागते.

शेवटची गोष्ट. खालांच्या मुलाला कळलं की मी आईचं रेकॉर्डिंग केलंय. त्याने घरच्या कार्यक्रमात लावायला मागितलं. वडिलांनी कसे कष्ट केले ते नातवंडांना ऐकवायचं होतं. त्याचा हेतू चांगलाच होता. मी सांगितलं, खालांना विचारतो. खालांना दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. त्यांनी आपलाच आवाज डोळे मिटून ऐकला. मग म्हणाल्या, 'पहिलं त्याला दे. दुसरं ठेव तुझ्याकडे. सही शिकले ते सांग लोकांना. पण एक गोष्ट पुसून टाक.' कुठली, ते त्यांनी सांगितलं. मी त्यांच्यासमोर तेवढा भाग पुसला, फोनमधूनही आणि लॅपटॉपवरच्या प्रतीतूनही.

अभ्यास म्हणून बघितलं तर तो सगळ्यात महत्त्वाचा भाग होता, हे मला माहीत आहे. तरी पुसला. गोष्ट माझ्या फोनमध्ये होती, पण ती माझी नव्हती. तो भाग मी आज इथे सांगणार नाही, नंतर चहाच्या वेळी विचारलंत तरी नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात अशी एखादी खाला, दादी, नानी आहे, आणि तिची पाठ झालेली एक गोष्ट तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल. पुढच्या वेळी ती गोष्ट सांगताना ती कुठे 'आणि मग' म्हणते तिकडे कान द्या. माझ्या खालांची सात वर्षं त्या 'आणि मग'मध्ये होती.